आजीची सहावी बोटं

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली हा प्रकार वरचेवर घडतो. कुणीतरी जुन्या अल्बममधला आजी-आजोबांचा फोटो मोबाइलने टिपतं, फोटो 'क्लिअर' करणाऱ्या एखाद्या ॲपमधून काढतं आणि ग्रुपवर टाकतं. धुरकट चेहऱ्यांच्या जागी भुवईचा केस न् केस दिसणारे चेहरे आलेले पाहून सगळे हरखतात. मग एखादी भाची फोटो मोठा करून बघते आणि विचारते, "आजीच्या हाताला सहा बोटं कशी?" त्यानंतर सगळ्यांच्याच लक्षात येतं की नथ ओठाला चिकटली आहे, मंगळसूत्राच्या वाट्यांचं एक बदाम झालं आहे आणि कपाळावरचं कुंकू गायब आहे.

अशा वेळी बहुतेक जण तोच फोटो पुन्हा त्याच ॲपमधून काढतात, किंवा दुसरं ॲप धरतात. त्याने बोटं नीट होत नाहीत, बहुधा आणखी बिघडतात. फोटोचं टचिंग करणारा जाणता माणूस उलट वाटेने जातो. तो नवीन बोटं काढायला बसत नाही. मूळ फोटोतली बोटं, जशी असतील तशी, परत आणतो. हे काम एखाद्या संध्याकाळी घरी बसून, फुकटच्या साधनांनी करता येतं. मात्र ॲपने नेमकं काय केलं हे आधी कळलेलं बरं, कारण बिघाड कुठे शोधायचा ते त्यावरून समजतं.

उदाहरणासाठी असा एक फोटो घेऊ, जो आपल्याकडे कितीतरी घरांत सापडेल. साठ-सत्तरच्या दशकातला स्टुडिओ फोटो, काळा-पांढरा, चार बाय सहा इंचांचा. आजोबा आणि आजी शेजारीशेजारी खुर्च्यांवर. आजी नऊवारीत, नाकात नथ, एक हात गुडघ्यावर, मनगटात बांगड्या, करंगळी पदराच्या चुणीखाली गेलेली. तो मोबाइलने टिपला आणि व्हॉट्सॲपवरून पाठवला, तेव्हा त्याचा आकार १२०० बाय १६०० पिक्सेल झाला. आता हिशेब करू. बसलेली आजी या फोटोत साधारण चार इंच उंच आहे. म्हणजे तिचा चेहरा सुमारे सव्वाशे पिक्सेल रुंद आणि एक बोट जेमतेम बारा पिक्सेल जाड. दोन बोटांमधली फट तर एक-दोन पिक्सेलांची. त्यातून ही फाइल जेपेग. या पद्धतीत चित्र आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकटींमध्ये तोडून दाबलं जातं. आजीचं बोट अशा दीड चौकटीत मावतं, त्यामुळे फाइल जास्त दाबली की बोटांमधली फट पहिल्यांदा पुसली जाते. ॲपच्या हाती फोटो पडतो तेव्हा गुडघ्यावर हात नसतो, एक उजळ, कडा नसलेला पट्टा असतो.

चेहऱ्याचीही माहिती तशी तुटपुंजीच असते, पण चेहऱ्यासाठी या ॲपांकडे वेगळी सोय असते. चेहरे सुधारण्याच्या ज्या पद्धती खुल्या स्वरूपात प्रसिद्ध झाल्या आहेत, त्यांतल्या 'जीएफपीगॅन' (२०२१) आणि 'कोडफॉर्मर' (२०२२) या दोन गाजलेल्या. दोघींची चाल सारखी आहे. आधी फोटोतले चेहरे शोधायचे, एकेक चेहरा चौकोनात कापून सरळ करायचा, ५१२ बाय ५१२ पिक्सेलांचा करायचा, त्यावर काम करायचं आणि परत जागेवर चिकटवायचा. आजीच्या चेहऱ्याभोवतीचा चौकोन दोनशे पिक्सेलांचा धरला, तर नव्या चेहऱ्यातल्या दर साडेसहा पिक्सेलांमागे एकच मूळ फोटोतून आलेला असतो. बाकीचे अंदाजाने भरलेले. हा अंदाज कुठून येतो? दोन्ही पद्धती एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकल्या आहेत. फ्लिकर या संकेतस्थळावरून निवडलेले सत्तर हजार चेहरे त्यात आहेत, सगळे जवळून घेतलेले, सरळ केलेले, डोळे-नाक-तोंड ठरलेल्या जागी. त्यामुळे डोळा कसा असतो हे यंत्राला पक्कं ठाऊक असतं आणि तो अंदाज सहसा पटण्याजोगा उतरतो.

हाताच्या वाट्याला असं काही येत नाही. चेहरा बहुतेक वेळा समोर बघत असतो, हात मात्र हजार तऱ्हांनी ठेवलेला असतो. मूठ, जोडलेले हात, काठीवर टेकलेला तळवा, बाळाच्या पाठीमागून डोकावणारी तीन बोटं. एका ठरलेल्या चौकोनात बसवून शिकवावा असा तो अवयव नाही. म्हणून चेहरा सोडून उरलेल्या फोटोवर साधी, सर्वसाधारण सुधारणा चालते. तिला कडा दिसली की ती धारदार करायची एवढंच कळतं, मग ती कडा बोटाची असो, बांगडीची असो की लुगड्याच्या निरीची. आपल्या फोटोत नेमकं हेच झालं. करंगळी जिच्याखाली दडली होती त्या चुणीची उजळ कडा बोटांना समांतर होती. ॲपने तिला बोट ठरवलं, टोकाला नखासारखं काहीतरी दिलं, आणि शिवाय जिथे मुळात फट नव्हती तिथे एक काळी रेघ ओढली. चार दिसणाऱ्या बोटांची सहा झाली.

हात चेहऱ्याजवळ असेल, म्हणजे हनुवटीखाली मूठ किंवा गालावर बोट, तर गोष्ट आणखी विचित्र होते. ती बोटं चेहऱ्याच्या चौकोनात येतात आणि चेहरा सुधारणारं यंत्र त्यांना चेहऱ्याचाच भाग समजतं. बोट गालात विरघळतं, नाहीतर ओठाची कड होऊन बसतं. तरुणपणी हनुवटीवर हात ठेवून काढलेले फोटो घरोघरी आहेत, ते ॲपमध्ये घालताना हे आधीच धरून चालावं.

आता बिघाड ओळखायचा कसा? बोटं मोजणं ही सगळ्यांना सुचणारी पण कच्ची परीक्षा. आपल्या फोटोत बरोबर उत्तर पाच नव्हे, चार आहे, कारण करंगळी खरोखरच पदराखाली आहे. उलट पाच बोटं बरोबर मोजून भरली, तरी हात चुकलेला असू शकतो. म्हणून हाताची ठेवण पाहावी. अंगठ्याला दोन पेरं, बाकीच्या बोटांना तीन. मधलं बोट सगळ्यांत लांब. सरळ धरलेल्या हातात करंगळीचं टोक अनामिकेच्या शेवटच्या सांध्याच्या आसपास येतं. बोटं जिथून फुटतात ते सांधे सरळ रेषेत नसून हलक्या कमानीत असतात. ॲपने केलेल्या हातात सगळी बोटं एकाच लांबीची आणि एकाच रेषेतून फुटलेली दिसतात, सांधे पुसून बोटं शेंगेसारखी गुळगुळीत होतात, नखं नको त्या बाजूला वळतात. अंगठी असेल तर ती बोटाला वेढा घालत नाही, नुसती वर ठेवलेली असते. बांगड्यांची संख्या हाताच्या दोन्ही कडांना मोजून पाहावी. अलीकडच्या कडेला पाच आणि पलीकडच्या कडेला तीन, असं बऱ्याचदा निघतं.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे मूळ आणि नवा फोटो एकावर एक ठेवणं. तिथून दुरुस्तीचं कामही सुरू होतं.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: मूळ प्रिंट हाताशी आहे का? असेल तर व्हॉट्सॲपवरची प्रत बाजूला ठेवा आणि प्रिंट फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. स्कॅनर घरी नसेल तर झेरॉक्सच्या किंवा फोटोच्या दुकानात हे होतं, फक्त 'जेपेग नको, टिफ किंवा पीएनजी द्या' असं सांगावं लागतं आणि फाइल पेनड्राइव्हवरच घ्यावी लागते. आता तोच फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलांचा होतो आणि आजीचं बोट बाराऐवजी अठ्ठावीस पिक्सेल जाड मिळतं. पुष्कळदा एवढ्यानेच बोटांमधली फट दिसू लागते आणि ॲपही कमी चुका करतं. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण प्रिंटपेक्षा तिच्यात कितीतरी जास्त बारकावा असतो. स्कॅनर मिळतच नसेल तर फोटो अल्बमच्या प्लास्टिकमधून बाहेर काढून, खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय, मोबाइल प्रिंटला समांतर धरून टिपावा आणि व्हॉट्सॲपने पाठवायचाच झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तसा तो न दाबता जातो. एक लक्षात ठेवावं. नवा स्कॅन घेतला तर ॲपचं कामही त्या स्कॅनवरूनच पुन्हा करून घ्यायचं. मोबाइलने टिपलेला फोटो किंचित तिरपा असतो, त्यावरून केलेला चेहरा स्कॅनवर कधीच तंतोतंत बसत नाही.

आपल्याकडे प्रिंट नाही असं समजू. ती गावच्या घरी आहे, आणि हाती १२०० बाय १६०० ची मूळ फाइल आणि ॲपने दुप्पट करून दिलेली २४०० बाय ३२०० ची फाइल एवढंच आहे. संगणकावर गिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी घेतलं तरी चालेल, मेन्यूंची नावं थोडी वेगळी असतात, रीत तीच.

मूळ फाइल उघडा आणि `Image > Scale Image` मध्ये तिची रुंदी २४०० करा. उंची आपोआप ३२०० होईल. ॲपच्या फाइलची उंची तिच्याशी जुळली नाही, तर ॲपने कडेचा भाग कापला आहे असं समजावं. मग `File > Open as Layers` वापरून ॲपची फाइल त्यावर आणा. आता खाली मूळ फोटो आणि वर नवा फोटो, असे दोन थर झाले. वरच्या थराची `Mode` बदलून `Difference` करा. पडदा जवळजवळ काळा होतो. दोन्ही थर जिथे सारखे तिथे काळं, जिथे ॲपने बदल केला तिथे उजळ. सगळ्याच कडांभोवती बारीक उजळ रेघ दिसत असेल तर थर एखाद-दोन पिक्सेलांनी सरकलेला आहे. `Move` साधन घेऊन बाणांच्या कळांनी तो हलवत जावं, रेघा सगळ्यांत फिक्या होतील तिथे थांबावं.

हा काळा पडदा दोन मिनिटं शांतपणे बघण्यासारखा असतो. चेहरे उजळलेले असणार हे ठरलेलंच. पण आजीचा हात, आजोबांच्या काठीची मूठ, खुर्चीच्या हातावरचं कोरीवकाम आणि खालच्या कोपऱ्यातला स्टुडिओचा ठसा हेही चमकताना दिसतात, आणि तोवर आपलं लक्ष फक्त बोटांवर असतं. जिथे जिथे चमक दिसेल ती जागा कागदावर टिपून ठेवा. मग `Mode` परत `Normal` करा.

आता मुख्य काम. वरच्या थरावर उजवं क्लिक करून `Add Layer Mask` निवडा आणि त्यात `White` ठेवा. मास्क म्हणजे थरावर टाकलेला एक अदृश्य पडदा: तो पांढरा असेल तिथे वरचा थर दिसतो, काळा रंगवला तिथे वरचा थर लपून खालचा दिसतो, आणि करडा रंगवला तर दोन्ही मिसळतात. यात काहीच खोडलं जात नाही. चुकलं तर पांढऱ्या रंगाने परत रंगवायचं. मऊ कडेचा ब्रश घ्या, रंग काळा, आणि आजीच्या हातावरून फिरवा. सहा बोटं जातात आणि खालून मूळचा, धूसर पण खरा हात वर येतो.

ब्रश कुठे थांबवायचा यात कसब आहे. नवशिका माणूस फक्त वाईट दिसणारं बोट रंगवतो आणि मधेच, कातडीवर थांबतो. मग अर्धा हात धारदार आणि अर्धा धूसर होतो, आणि तो जोड सहा बोटांहून जास्त खुपतो. सीमा नेहमी एखाद्या खऱ्या कडेवर ठेवावी. आपल्या फोटोत ती बांगड्यांवर येते. मनगटाच्या वरच्या बाजूला शेवटच्या बांगडीच्या कडेपर्यंत सगळा हात मूळ थरातून घ्यायचा, खालच्या बाजूला पदराच्या चुणीपर्यंत. बांगडीपलीकडचा बाहीचा भाग ॲपचा राहिला तरी डोळ्याला कळत नाही, कारण कापड आणि कातडी यांचा पोत तसाही वेगळाच असतो.

हात परत आला, पण आता तो चेहऱ्यापेक्षा फार मऊ दिसतो. इथे लोक हाताला धार द्यायला जातात. थोडी द्यावी. मूळ थराची एक नक्कल करून `Filters > Enhance > Sharpen (Unsharp Mask)` मध्ये `Radius` २ आणि `Amount` ०.५ च्या आसपास ठेवावं. त्याहून जास्त दिलं तर जेपेगच्या चौकटी वर येतात आणि हातावर चौकडीचं कापड पसरल्यासारखं दिसतं. खरा इलाज दुसऱ्या टोकाला आहे: चेहरा थोडा मऊ करायचा. मास्कवर चेहऱ्याच्या जागी हलका करडा रंग भरला, म्हणजे ॲपचा चेहरा साठ-सत्तर टक्के आणि मूळ चेहरा तीस-चाळीस टक्के असं मिश्रण केलं, की दोन गोष्टी साधतात. हात आणि चेहरा एकाच फोटोतले वाटू लागतात, आणि आजी पुन्हा आजीसारखी दिसू लागते. हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे असं माझं मत. ॲपच्या चेहऱ्यात जे अनोळखी काहीतरी असतं, डोळ्याची कड जरा जास्त उचललेली, जिवणी जरा भरलेली, ते त्या तीस टक्क्यांत बरंचसं निवळतं. कोडफॉर्मर बनवणाऱ्यांना ही ओढाताण माहीत होती. त्यांनी शून्य ते एक अशी एक कळच ठेवली आहे: एककडे नेली की चेहरा मूळ फोटोशी जास्त प्रामाणिक राहतो, शून्याकडे नेली की जास्त देखणा होतो. तुमच्या ॲपमध्ये अशी कमी-जास्त करण्याची सोय असेल तर ती आधी कमीवर ठेवून बघावी.

शेवटचा हात दाण्यांचा. जुन्या फोटोत फिल्मचा बारीक रवाळपणा असतो, ॲप तो पुसून टाकतं. त्यामुळे मास्कने आणलेल्या जागी रवे आणि बाकी फोटो मेणासारखा, असं होतं. `Layer > New from Visible` करून तयार झालेल्या थरावर `Filters > Noise > RGB Noise` घ्या, `Independent RGB` ची खूण काढा म्हणजे रंगीत ठिपके येणार नाहीत, आणि आकडा ०.०३ ते ०.०५ इतकाच ठेवा. सगळ्या फोटोवर सारखे रवे पसरले की जोड दिसेनासे होतात. पूर्ण आकारात बघताना हे दाणे जास्त वाटतात, छापल्यावर तितके वाटत नाहीत.

मोबाइलवरच करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये जवळपास हेच साधता येतं. ॲपचा फोटो उघडून `Double Exposure` ने त्यावर मूळ फोटो पूर्ण गडद ठेवायचा, मग केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन त्या पायरीचा ब्रश उघडायचा आणि फक्त हातावर फिरवायचा. दोन्ही फोटोंची लांबी-रुंदी प्रमाणात सारखी हवी. बोटाने बोट रंगवताना सीमा बांगडीवर थांबवणं मात्र कठीण जातं.

आता इतर खाणाखुणा. आपल्याकडच्या फोटोंत बोटांइतकाच गोंधळ इथे होतो, आणि तो सहज नजरेतून सुटतो, कारण सहावं बोट खटकतं पण नसलेलं कुंकू खटकत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकू म्हणजे कपाळावरचा एक गडद ठिपका. डाग काढायला शिकलेल्या यंत्राच्या दृष्टीने तो डागच. गोंदणाचं तेच. हनुवटीवरचा ठिपका, कपाळावरची रेघ, मनगटावरची नक्षी हे सगळं 'त्वचा नितळ' करताना जातं. मोत्यांच्या नथीचा आकार सत्तर हजार फ्लिकर-चेहऱ्यांत कितीदा आला असेल, याचा अंदाज करायला नको. यंत्र तिला कधी ओठाची सावली करतं, कधी नाकपुडीची वाढ, कधी साधी चमकी. मंगळसूत्राचे काळे मणी जुळून साखळी होते. नऊवारीच्या काठातली नक्षी दर चार बोटांवर बदलत जाते. फेट्याचे पीळ मधेच संपतात. चष्म्याच्या दोन काड्या वेगवेगळ्या जाडीच्या होतात.

या सगळ्यांना तोच मास्क, फक्त ब्रश लहान. नथीसाठी ब्रश नथीपेक्षा जेमतेम मोठा घ्यावा आणि नाकपुडीच्या सावलीत थांबावं. कुंकवासाठी पूर्ण काळा रंग न वापरता गडद करडा वापरला की कुंकू येतं पण भोवतालची कातडी एकदम खरखरीत होत नाही. डोळ्यांत एक वेगळी तपासणी करावी. स्टुडिओतल्या दिव्याचा जो पांढरा ठिपका बुबुळात दिसतो, तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असायला हवा. ॲप कधीकधी एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे ठेवतं, आणि मग आजीची नजर कुठे आहे तेच कळत नाही. त्या काळच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग करायची रीत होती. सुरकुत्या, डाग तेव्हाच हलके केलेले असायचे. म्हणजे हा चेहरा एकदा आधीच 'क्लिअर' झालेला आहे, हे लक्षात घेऊन हात जरा आखडताच ठेवावा.

मूळ थरातच हात नसेल तर? म्हणजे प्रिंट तिथे फाटलेली आहे, बुरशीने खाल्ली आहे, किंवा दाबून दाबून फक्त उजळ पट्टा उरला आहे. मग पहिल्यांदा घरात दुसरी प्रत शोधावी. स्टुडिओवाले बहुधा एकाहून जास्त प्रती द्यायचे आणि त्या भावंडांत वाटल्या जायच्या. तेही जमलं नाही तर घरातल्याच कुणाचा तरी हात तशाच स्थितीत, त्याच बाजूच्या उजेडात, तितक्याच उंचीवरून टिपावा. काळा-पांढरा करून, मऊ करून तो तिसऱ्या थरावर ठेवावा आणि `Unified Transform` साधनाने मापात बसवावा. नातीचा हात आजीच्या हाताला कितीदा जुळतो ते पाहून आश्चर्य वाटतं. पण हा हात आजीचा नाही, हे घरच्यांना सांगायलाच हवं.

यंत्राकडूनच नवा हात काढून घ्यायचा झाला, तर पूर्ण फोटो देऊ नये. ठरावीक भाग निवडून नव्याने भरणाऱ्या पुष्कळ साधनांच्या मुळाशी स्टेबल डिफ्यूजनसारखी पद्धत असते, आणि ती चित्र आठ बाय आठ पिक्सेलांमागे एक घर एवढं आकसून त्यावर काम करते. मूळ फोटोतलं बारा पिक्सेलांचं बोट तिथे दीड घराचं होतं, दीड घरात पेरं आणि नख कुठून येणार? म्हणून हाताभोवतीचा दोनशे पिक्सेलांचा चौकोन कापून तो १०२४ पर्यंत मोठा करावा. आता बोट साठ पिक्सेलांचं, म्हणजे सात-आठ घरांचं होतं. बदलाचं प्रमाण कमी, ०.३ ते ०.४ इतकंच ठेवावं, म्हणजे हाताची ठेवण मूळची राहते आणि यंत्र फक्त पोत भरतं. आधी त्या उजळ पट्ट्यावर बोटांमधल्या फटी आपणच करड्या ब्रशने ओढून दिल्या तर निकाल पुष्कळ सुधारतो. मग चौकोन परत लहान करून जागेवर बसवायचा आणि वर सांगितलेल्या मास्कने सीमा बांगडीवर आणायची. जी साधनं निवडलेला भाग आपोआप मोठा करून भरतात त्यांत कापाकापीचा हा खटाटोप वाचतो.

मला विचाराल तर बहुतेक वेळा याची गरज नसते. हा फोटो भिंतीवर लावायला आठ बाय बारा इंचांचा काढला आणि चार-पाच फुटांवरून पाहिला, तर मऊ हात कुणाच्या डोळ्यावर येत नाही. त्या अंतरावरून लोक चेहरे बघतात, आणि चेहरे आता नीट आहेत. छापायला देण्याआधी हाताचा आणि चेहऱ्याचा तुकडा तेवढा चार बाय सहाच्या कागदावर त्याच मापात छापून घ्यावा. पडद्यावर न दिसलेला जोड कागदावर दिसतो.

काम झाल्यावर थरांसकट `.xcf` फाइल जपून ठेवा आणि छापायची प्रत `File > Export As` ने वेगळी काढा. तीन फाइलींची नावं अशी ठेवली तर पुढच्या वेळी घोटाळा होत नाही: `aaji_mul.png`, `aaji_app.png`, `aaji_durust.xcf`. ग्रुपवर टाकताना दुरुस्त फोटोबरोबर मूळही टाकावा. आणि फ्रेम करून घ्याल तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा: चेहरे ॲपने सुधारलेले, हात आणि नथ मूळ फोटोतली, करंगळी पदराखाली.